वजन थांबलं म्हणून मेटाबॉलिझमला शिव्या घालण्याआधी: आपला खरा कॅलरी आकडा काढायचा कसा आणि भुकेचं काय करायचं

आठ महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीने मला तिच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला. रोज १६३० कॅलरी खा, आठवड्याला साधारण अर्धा किलो कमी होईल, असं त्यात लिहिलेलं. ती पाच आठवडे इमानदारीत तेवढंच लिहून खात होती, पहिल्या दहा दिवसांत दीड किलो गेलं आणि नंतर तेही परत आलं. खाली मेसेज, "माझा बीएमआरच मेलाय बहुतेक".

बीएमआर मेला नव्हता. पण कुठे काय चुकत होतं ते शोधायला आम्हाला महिनाभर वही ठेवावी लागली, आणि त्यातून जे कळलं ते बऱ्याच जणांच्या उपयोगाचं आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. तिचेच आकडे वापरतो, तिची परवानगी आहे. वय ३८, उंची १५८ सेमी, वजन ७४ किलो, बसून काम, आठवड्यातून चार दिवस पाऊण तास चालणं.

आधी बीएमआर म्हणजे काय ते, थोडक्यात

तुम्ही रात्रभर उपाशी आहात, नुकतेच जागे झालात, खोलीत ना गार ना गरम, काही न करता निवांत पडलाय, अशा वेळी शरीर नुसतं जिवंत राहायला जेवढी ऊर्जा जाळतं तो बीएमआर. बसून काम करणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या एकूण खर्चातला साधारण ६० ते ७० टक्के भाग हाच असतो. लोकांना वाटतं तो स्नायू जाळतात, पण आराम करताना एक किलो स्नायू दिवसाला फक्त १३ कॅलरीच्या आसपास खर्च करतो आणि एक किलो चरबी साडेचार. खरा खर्च आतल्या अवयवांचा. मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंड मिळून वजनाचा जेमतेम ५-६ टक्के भाग, पण आरामातल्या खर्चाचा अर्ध्याहून जास्त वाटा त्यांचा. म्हणून "दोन किलो मसल वाढवला की बसल्या बसल्या फॅट जळेल" वाल्यांना विचारा, दोन किलोचे किती झाले? २६ कॅलरी. स्नायू इतर दहा कारणांसाठी हवेतच, फक्त या कारणासाठी नाही.

आणि वयाचं म्हणाल तर २०२१ मध्ये ६,४०० हून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून जो अभ्यास 'सायन्स'मध्ये आला त्यात शरीराच्या आकाराचा हिशोब लावल्यावर खर्च २० ते ६० वयापर्यंत जवळजवळ सपाट निघाला. तिशी उलटली की मेटाबॉलिझम झोपतं ही समजूत त्यात टिकली नाही.

पायरी १: फॉर्म्युल्याने अंदाज काढा, पण त्यावर लग्न करू नका

१९९० साली आलेला मिफ्लिन-सेंट जिओर हा फॉर्म्युला बहुतेक ॲप वापरतात. बायकांसाठी असा:

```
(१० × वजन किलो) + (६.२५ × उंची सेमी) − (५ × वय) − १६१
```

पुरुषांसाठी शेवटच्या −१६१ च्या जागी +५. बाकी सेम.

तिचं: ७४० + ९८७.५ − १९० − १६१ = साधारण १३७७. इथपर्यंत ठीक. हा फॉर्म्युला बहुतेकांच्या बाबतीत खऱ्या आकड्याच्या दहा टक्के इकडेतिकडे येतो. दहा टक्के म्हणजे इथे १३७ कॅलरी, ते चालून जातं. गडबड होते ती पुढच्या गुणाकारात. ॲप विचारतं तुम्ही किती ॲक्टिव्ह आहात, आणि त्या एका टॅपवर सगळा खेळ ठरतो. बसून काम असेल तर १.२, थोडीफार हालचाल असेल तर १.३७५, मध्यम असेल तर १.५५. हिने आठवड्यातून चार दिवस चालते म्हणून 'मध्यम' दाबलं. १३७७ गुणिले १.५५ म्हणजे २१३४, त्यातून ५०० वजा, १६३० चा जन्म असा झाला. एक खाना खाली दाबला असता तर ॲपने १८९३ म्हटलं असतं. एका बोटाने २४० कॅलरीचा फरक, आणि दोन्ही वेळा स्क्रीनवर आकडा तेवढाच आत्मविश्वासाने दिसतो.

(हातातल्या वॉचवर 'बर्न' झालेल्या कॅलरी बघून तेवढं जास्त खाणाऱ्यांसाठी: २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रांची तपासणी झाली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरीत त्यातलं सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.)

पायरी २: चार आठवडे वही, आणि इथे घाई नको

खरा आकडा फॉर्म्युल्यातून येत नाही, तुमच्या स्वतःच्या वजनातून येतो. प्रयोगशाळेत यासाठी खास जड हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेलं पाणी पाजून लघवी तपासतात. आपल्याकडे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि वजनकाटा आहे, तेवढ्यात बऱ्यापैकी जवळ जाता येतं.

करायचं असं. रोज सकाळी उठल्यावर, टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायचं आणि लिहायचं. एका दिवसाच्या आकड्याकडे बघून हसायचं नाही रडायचं नाही, आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी काढायची आणि फक्त तीच बघायची. सोबत जे काही तोंडात जातं ते काट्यावर मोजून लिहायचं, शिजवायच्या आधीचं वजन, आणि तेलाची बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवून किती तेल गेलं ते. या चार आठवड्यांत डाएट करायचं नाही, नेहमीसारखं खायचं.

चार आठवडे का, दोन का नाही? कारण रोजचं वजन मुख्यतः पाण्यामुळे वरखाली होतं. ग्लायकोजेन म्हणजे शरीरात साठवलेली साखर, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे दोन दिवस कमी खाल्लं की किलो-दीड किलो उतरतं आणि एका भरपेट जेवणाने परत येतं. हिचे पहिले दीड किलो तेच होते. वर ज्यांना पाळी येते त्यांच्यात पाळीच्या आधी पाणी साठतं, म्हणून अख्खं चक्र धरलं नाही तर हिशोबच चुकतो.

आता तिची वही. चार आठवड्यांत रोजची सरासरी १७२० कॅलरी. पहिल्या आठवड्याचं सरासरी वजन ७४.२, चौथ्याचं ७३.८. पहिल्या आठवड्याच्या मध्यापासून चौथ्याच्या मध्यापर्यंत २१ दिवस होतात (२८ ने भागू नका, ही चूक मी स्वतः केली होती आणि वरून तिला छातीठोकपणे सांगितलीही होती). एक किलो शरीराच्या चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात.

```
०.४ किलो × ७७०० = ३०८०
३०८० ÷ २१ दिवस ≈ १४७
१७२० + १४७ ≈ १८७०
```

म्हणजे वजन आहे तिथे राहायला तिला १८७० लागतात. बीएमआरच्या १.३६ पट. मेटाबॉलिझम ठणठणीत होतं, 'मध्यम ॲक्टिव्ह' हे बटण चुकलं होतं.

पण मग १६३० खाऊनसुद्धा वजन का हललं नाही? १८७० मधून १६३० गेले तर २४० ची तूट राहते, महिन्याला जवळजवळ एक किलो जायला हवं होतं. उत्तर काट्याने दिलं. आधी ती अंदाजाने लिहायची, 'एक चमचा तेल', 'मूठभर दाणे', चाखलेलं आणि मुलाच्या ताटातलं उरलेलं नाहीच. तेच जेवण तिने काट्यावर मोजलं तर १६३० चे जवळपास १८५० झाले. हे तिचं एकटीचं नाही हो. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशाच लोकांचा अभ्यास आला होता, जे म्हणत आम्ही १२०० च्या आत खातो तरी उतरत नाही. त्यांचं खाणं आणि खर्च नीट मोजल्यावर दिसलं की त्यांचा मेटाबॉलिझम नॉर्मल होता, पण ते सरासरी ४७ टक्के खाणं कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटं बोलत होते असं नाही, माणसाची आठवण अशीच असते.

या पद्धतीतली एक सोय सांगतो. तुमच्या मोजण्यात थोडी चूक असली तरी ती दर आठवड्याला सारखीच असेल तर फारसं बिघडत नाही. वहीत १८७० आहे आणि खरं २००० असेल, असू दे, कारण पुढे तुम्ही त्याच वहीच्या कॅलरीत ३५० कमी करणार आहात. चूक बदलती असली की मग पद्धत कोसळते, उदा. सोमवार ते शुक्रवार काटा आणि शनिवार-रविवार अंदाज.

पायरी ३: किती कमी करायचं

आम्ही ३५० ठरवले. म्हणजे १५२०, तिच्या बीएमआरच्या थोडं वर. ५००-७०० का नाही ते पुढे भुकेत कळेल.

इथे एक गणित सगळे करतात आणि सगळे फसतात. ३५० गुणिले ३६५ भागिले ७७००, वर्षात साडेसोळा किलो! असं होत नाही. वजन उतरतं तसा खर्चही उतरतो, कारण चालवायला लहान शरीर असतं, हलवायला कमी ओझं असतं, पचवायला कमी अन्न असतं. केव्हिन हॉल या अमेरिकन संशोधकाच्या टीमने यावर गणिती मॉडेल केलंय, त्यातून निघणारा घरगुती नियम असा की खाण्यातला दर २४ कॅलरीचा कायमचा बदल शेवटी सुमारे एक किलो वजन बदलतो, आणि त्यातला अर्धा बदल व्हायला जवळपास एक वर्ष लागतं. ३५० भागिले २४ म्हणजे साडेचौदा किलो, पण शेवटी, आणि पहिल्या वर्षात त्यातले सातेक. साडेसोळा आणि सात. वर्षअखेरीस ज्याच्या डोक्यात साडेसोळा असतात तो सात कमी करूनही स्वतःला नापास समजतो.

पायरी ४: भूक, आणि खरा विरोधक हाच आहे

पाच महिन्यांत ती ६८.२ वर आली, सहा किलो गेले. शेवटच्या पाच आठवड्यांत काटा जवळजवळ हललाच नाही. परत तोच मेसेज, मेटाबॉलिझम.

फॉर्म्युल्यात ६८.२ टाकलं तर बीएमआर १३१९ येतो, म्हणजे फक्त ५८ ने कमी. प्रत्यक्षात एकूण खर्च त्याहून जास्त उतरतो, दर किलोमागे दिवसाला साधारण २०-३० कॅलरी. सहा किलोला १५० धरू. यात नकळत कमी होणारी हालचालही आली, उठबस, हातवारे, उभं राहणं, जिन्याऐवजी लिफ्ट. या बारीक हालचालीला संशोधक 'नीट' म्हणतात, आपल्या नीटनेटकेपणाशी काही संबंध नाही, इंग्रजी आद्याक्षरं आहेत. यात माणसामाणसात केवढा फरक असतो बघा. १९९९ च्या एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी फक्त ०.३६ किलो वाढली, कुणाची ४.२३, आणि हा फरक मुख्यतः या नकळत हालचालीतून आला होता.

तर खर्च १५० ने उतरला. आणि भूक?

२०१६ मध्ये हॉल यांच्याच टीमने एक मस्त शक्कल लढवली. डायबिटीसचं एक औषध असतं ज्याने रोज काही साखर लघवीवाटे निघून जाते आणि माणसाला ते जाणवत नाही. म्हणजे माणूस डाएट करत नाहीये, तरी कॅलरी गळतायत. वजन किती उतरलं यावरून त्यांनी उलटा हिशोब केला की लोकांनी नकळत किती जास्त खाल्लं असेल. उत्तर आलं, उतरलेल्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १०० कॅलरीने खाण्याची ओढ वाढते.

म्हणजे सहा किलोला खर्च १५० ने खाली आणि ओढ ६०० ने वर. चौपट. सगळे शिव्या घालतात त्या १५० ला, आणि ६०० कॅलरीची ती ओढ 'माझी इच्छाशक्ती कमी' या नावाखाली लपते. तुम्ही आळशी झालेला नसता, मेंदूकडे साठा कमी झाल्याची खबर पोचलेली असते.

ती खबर कोण नेतं, तर लेप्टिन. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने उंदरांत याचा जीन शोधला. हे हार्मोन चरबीच्या पेशीच बनवतात, चरबी जास्त तर लेप्टिन जास्त. ते रक्तातून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतं आणि सांगतं साठा आहे. चरबी कमी झाली की ते कमी होतं आणि हायपोथॅलॅमस दोन कामं एकदम करतं, खर्च आवरतं आणि भूक वाढवतं. कमी खायला लागल्यावर लेप्टिन चरबीच्या मानानेही जास्त वेगाने पडतं, म्हणून मोठी तूट घेतली की दुसऱ्याच आठवड्यात भूक भडकते. ५०० ऐवजी ३५० का, त्याचं उत्तर हे. आणि मग लेप्टिनची गोळी का नाही घ्यायची? ज्यांच्यात ते जन्मतःच बनत नाही अशा अगदी मोजक्या लोकांत त्याच्या इंजेक्शनने जादू होते, पण जास्त वजनाच्या बहुतेकांत लेप्टिन आधीच भरपूर असतं, वरून दिलं तर फारसा फरक पडत नाही. ते साठा संपत आल्याची घंटा म्हणून जास्त काम करतं, भरपूर झालंय याचा ब्रेक म्हणून कमी.

दुसरं घ्रेलिन, पोटातून येणारं भुकेचं हार्मोन, १९९९ मध्ये जपानी संशोधकांना सापडलं. हे जेवणाआधी चढतं आणि जेवल्यावर उतरतं. आणि ते तुमच्या नेहमीच्या जेवणाच्या वेळा शिकतं. दीड दिवस उपाशी ठेवलेल्या लोकांतही ते नेहमीच्या जेवणाच्या वेळी चढलं आणि काहीच न खाता आपोआप उतरलं. हे कळल्यावर मैत्रिणीला सगळ्यात जास्त फायदा झाला. साडेपाचला येणारी तिची भूक ही 'साडेपाचला रोज काहीतरी खाल्लंय' या सवयीची भूक होती. तिने ती वेळ रोज दहा मिनिटं पुढे ढकलत सात वर नेली, पहिले चार दिवस चिडचिड झाली, दोन आठवड्यांनी भूकच सातला लागायला लागली.

ही ओढ किती टिकते? २०११ च्या एका अभ्यासात लोकांनी दहा आठवड्यांत वजन उतरवलं आणि वर्षभराने परत मोजलं तरी लेप्टिन खाली, घ्रेलिन वर आणि भूक जास्तच होती. म्हणजे 'थोडे दिवस कळ काढ मग सवय होईल' हे निदान वर्षभर तरी खरं धरू नका. कळ काढण्यावर उभा असलेला प्लॅन म्हणूनच पडतो.

पायरी ५: तेवढ्याच कॅलरीत पोट भरल्याचा सिग्नल मोठा करायचा

लेप्टिन आपल्या हातात नाही, पण एका जेवणाचा 'बस झालं' सिग्नल बऱ्यापैकी आहे. तो असा चालतो. अन्न आलं की पोट ताणलं जातं आणि व्हेगस नर्व्हमार्फत लगेच मेंदूला कळतं. हे ताणणं फक्त आकारमान मोजतं, कॅलरी नाही. मग अन्न लहान आतड्यात उतरलं की चरबी आणि प्रोटीन बघून सीसीके नावाचं हार्मोन सुटतं, जे पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं. आणखी खाली गेलं की जीएलपी-१ आणि पीवायवाय ही दोन सुटतात, आणि भूक बराच वेळ दाबून धरतात. (वजन कमी करायची इंजेक्शनं सध्या गाजतायत त्यातली बरीचशी जीएलपी-१ ची नक्कल करणारी आहेत. शरीरातलं जीएलपी-१ काही मिनिटांत नष्ट होतं, औषधातलं आठवडाभर टिकेल असं बनवलेलं असतं, म्हणून परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.)

या साखळीला वेळ लागतो, १५-२० मिनिटं धरा. तुम्ही सात मिनिटांत ताट संपवलं तर फक्त पोट ताणलेलं असतं, खालची मंडळी अजून जागी व्हायचीयेत.

मग काय बदललं ते सांगतो. सगळ्यात आधी प्रोटीन. तिचं दिवसाला ५० ग्रॅम होतं, ९० वर नेलं, म्हणजे किलोमागे १.३ च्या आसपास. अंडी, दही, कडधान्यं, मासे, ज्याला जे चालतं ते. प्रोटीन भूक जास्त दाबतं, आणि त्याच्या कॅलरीतला २०-३० टक्के भाग पचवण्यातच जातो, कार्बचा ५-१० आणि फॅटचा ३ च्या आत. ४० ग्रॅम वाढवले म्हणजे १६० कॅलरी, त्यातले ३०-५० पचनात गेले, फार नाही, खरा फायदा भुकेत. ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये.

दुसरं आकारमान. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात ३८ पदार्थांवर एक अभ्यास झाला, प्रत्येकाचा २४० कॅलरीचा भाग देऊन दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि बटरने भरलेल्या क्रोसाँला ४७. बिचारा बटाटा, वजन वाढवतो म्हणून सगळे त्याला हाकलतात! तळला की गोष्ट वेगळी, तेव्हा त्याचं पाणी जातं आणि तेल आत येतं. पाणीसुद्धा अन्नात शिजवलेलं असेल तर जास्त चालतं, म्हणजे तेच पदार्थ आणि बाजूला ग्लासभर पाणी यापेक्षा त्याचंच सूप केलं तर पुढच्या जेवणात लोक कमी खातात. उलट साखर घातलेली पेयं आणि ज्यूस, यांच्या कॅलरी पोट मोजतच नाही म्हणा ना. तिचे दिवसाचे चार कप गोड चहा एकावर आले आणि त्याची भरपाई म्हणून इतर कुठे भूक वाढली नाही.

तिसरं, पाकिटातलं खाणं. २०१९ मध्ये हॉल यांनी २० जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवलं, दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण आणि दोन आठवडे साधं, पुढ्यात ठेवलेल्या जेवणात साखर, फॅट, फायबर, मीठ सगळं जुळवलेलं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. प्रोसेस्डच्या काळात ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि वजन ०.९ किलो वाढलं, साध्याच्या काळात तेवढंच उतरलं. खायचा वेगही प्रोसेस्डवर जास्त होता, म्हणजे परत तेच १५-२० मिनिटांचं.

आणि झोप. २००४ च्या एका छोट्या अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं तर लेप्टिन १८ टक्के खाली आणि घ्रेलिन २८ टक्के वर. वहीत झोपेचे तास लिहायला लागल्यावर तिचे सगळे 'हातातून सुटलेले' दिवस पाच तासांच्या रात्रीनंतरचेच निघाले.

पायरी ६: वजन थांबलं तर या क्रमाने बघा

आधी खरंच थांबलंय का ते बघा. १८७० मधून १५० गेले, खर्च राहिला १७२०, खाणं १५२०, म्हणजे तूट आता फक्त २००. महिन्याला ८०० ग्रॅम. एवढं तर पाण्याच्या चढउतारात महिनाभर सहज लपतं. म्हणून चार आठवड्यांच्या आत निष्कर्ष नको, आणि पाळी येत असेल तर या चक्राच्या आठवड्याची तुलना मागच्या चक्राच्या त्याच आठवड्याशी करा.

तरीही थांबलेलंच असेल तर एक आठवडा काटा परत काढा, सगळं मोजा, चाखलेलंसुद्धा. हिच्याकडे तिथे १३० कॅलरी सापडल्या, सगळ्या तेल आणि दाण्यांच्या, महिन्यांनंतर हात सैल होतोच. १३० सापडल्यावर २०० ची तूट ७० राहिली होती हे दिसलं आणि काटा का हलत नाही ते कळलं, मेटाबॉलिझमचं नाव परत निघालं नाही.

त्यानंतर पावलं बघा, फोनमध्ये असतात. ९००० वरून ६५०० वर आलेली असतील तर खाणं कमी करण्याआधी ती परत आणा. खाणं आणखी कमी करणं हा शेवटचा पर्याय, तेही १०० च्या वर नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं? सतत थंडी वाजते, पाळी चुकते किंवा बंद होते, चक्कर, केस खूप गळतात, डोक्यात दिवसभर फक्त खाणंच फिरतं, तर तूट ताबडतोब बंद करा आणि दाखवा. थायरॉइडसाठी टीएसएच तपासून घ्यायला हरकत नाही, पण थायरॉइड कमी काम करत असला तरी त्याने वाढणारं वजन सहसा काही किलोच असतं आणि त्यात बरंचसं पाणी आणि मीठ. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अठराच्या आतल्या आणि पूर्वी खाण्याचा आजार झालेल्यांनी ही वही ठेवूच नये. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डोस बदलावा लागू शकतो, नाहीतर साखर धोकादायक खाली जाईल.

थांबायचं ठरवलं तेव्हा

६८.२ वर तिने उतरणं थांबवलं. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पाच किलो सांगितले होते, सहा झाले होते. इथे लोक दोन प्रकारे चुकतात, एकतर परत जुन्या १८७० वर जातात, किंवा भीतीने १५२० वरच अडकून बसतात. तिचा नवा आकडा १७२०, गंमत म्हणजे पहिल्या महिन्यात वहीत जी सरासरी आली होती तीच. वाढवलेल्या २०० मधले बहुतेक दुपारच्या जेवणात टाकले, कारण रात्रीचं अनावर खाणं दुपारी कमी खाल्ल्यावरच व्हायचं असं वहीत दिसत होतं. १५२० वरून १७२० वर गेल्यावर पहिल्या दहा दिवसांत वजन ७०० ग्रॅम वाढलं, ते ग्लायकोजेन आणि पाणी, हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून तिने घाबरून परत कमी केलं नाही.

आता रोज लिहित नाही ती. वजन मात्र रोज करते आणि आठवड्याची सरासरी ७० च्या वर गेली तर दोन आठवडे काटा परत बाहेर काढायचा असं ठरलंय. दोन महिन्यांत एकदाच निघालाय, आणि त्या वेळी दोष परत तेलाच्या बाटलीचाच निघाला.